बक्कल कशाचं आहे तेवढं सांगा!

एवढंच विचारलं होतं हो मी. घड्याळाच्या पट्ट्याचं बक्कल कोणत्या धातूचं आहे? त्याचं उत्तर मिळवताना हेल्पलाइनवाल्यांनी माझा जो अंत पाहिला, तो राग अजून गेलेला नाही.

मी भांडुपला राहते, नोकरी फोर्टात. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून स्मार्टवॉच घेतलं. मार्च-एप्रिलमध्ये लोकलमध्ये उभं राहून वरची कडी धरली की तळहाताचा घाम ओघळत मनगटावर येतो आणि थेट पट्ट्याखाली जाऊन बसतो. मग मनगटाच्या आतल्या बाजूला लाल चट्टा उठला. आधी नुसती खाज, मग बारीक पाण्याचे फोड, मग ओलसर होऊन खपली. आमच्या सासूबाईंचं निदान तयारच होतं, "त्या हिरव्या लाइटनं भाजतंय गं तुला." तो प्रकाश भाजण्याइतका तीव्र नसतो, आणि मुळात तो घड्याळाच्या पाठीला असतो. माझा चट्टा बरोबर त्याच्या उलट्या बाजूला होता.

कोपऱ्यावरच्या केमिस्टने दिलेली ट्यूब आधी सांगते, कारण ती जवळजवळ प्रत्येकाला मिळते. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, तिन्ही एकत्र. लावली की लाली ओसरते, थांबवली की परत येते. आणि चट्टा खरोखर गजकर्णाचा असेल तर स्टेरॉइडमुळे तो वरून फिका पडतो आणि आत पसरत जातो. नंतर डॉक्टरलाही ओळखणं अवघड होऊन बसतं. मी ती फेकली आणि स्किनच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी आधी घड्याळ हातावर चढवायला लावलं आणि कुठला भाग कुठे टेकतो ते पाहिलं. सगळ्या मनगटाभोवती पट्ट्याच्या रुंदीची लाल पट्टी असेल तर ते बहुधा घाम, साबण आणि घासणं. घड्याळाच्या पाठीएवढाच चौकोन किंवा गोल असेल तर तिथे अडकलेला ओलावा किंवा त्या पाठीचं साहित्य. आणि फक्त बक्कलच्या जागी, बक्कलच्याच आकाराचा असेल तर धातूवर संशय. माझा तिसरा. मग त्यांनी विचारलं, "खोटे कानातले घातले की कान चिघळतात का? जीन्सच्या बटणाखाली बेंबीपाशी कधी खाजतं का?" दोन्हीला हो. कॉलेजपासून मी कानात सोन्याशिवाय काही घालत नाही, ते नखरे म्हणून नव्हे. ही निकेलची अ‍ॅलर्जी असावी, असं त्या म्हणाल्या. घामातल्या मिठाने धातूतलं निकेल सुटतं आणि कातडीत मुरतं, म्हणून थंडीत गप्प असलेलं बक्कल उन्हाळ्यात उठतं. शिवाय ही अ‍ॅलर्जी लगेच दिसत नाही. घातल्यानंतर एक-दोन दिवसांनी चट्टा उठतो, त्यामुळे आपण भलत्याच गोष्टीला दोष देत बसतो.

"कंपनीला विचारा, बक्कल कशाचं आहे," डॉक्टर म्हणाल्या. इथे माझी गाडी रुळावरून घसरली.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच अनुभव दुसऱ्या ब्रँडवाल्यांकडूनही ऐकलाय. हेल्पलाइनला फोन लावला. गाणं वाजलं, मग एक मुलगा आला. "मॅम, हमारा स्ट्रॅप स्किन फ्रेंडली है." बरं बाबा, पण बक्कल? "मॅम, स्ट्रॅप सिलिकॉन का है." पट्टा नाही, बक्कल, धातूचं. "मॅम, आप थोडा लूज पहनिए." मी सैलच घालते. "तो मॅम, क्लीन और ड्राय रखिए." शेवटी त्याने तक्रार नोंदवली आणि ईमेल येईल म्हणाला.

ईमेल आला. त्यात तीच चार वाक्यं होती: स्वच्छ ठेवा, कोरडं ठेवा, सैल घाला, त्रास झाल्यास डॉक्टरांना भेटा. मी उत्तर लिहिलं की डॉक्टरांना भेटले आहे, डॉक्टरांनीच तुम्हाला विचारायला सांगितलंय. त्यावर परत तीच चार वाक्यं, फक्त खाली सही दुसऱ्याच माणसाची. खोक्यावर पाहिलं तर रंग, लांबी, बॅटरी, पाणी किती सोसतं, सगळं छापलेलं. बक्कलबद्दल अक्षर नाही. मग अर्धी रजा टाकून अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. टोकन घेतलं, एसीत बसले, नंबर आला. काउंटरवरचा मुलगा मराठी होता आणि मनापासून बोलत होता. म्हणाला, "ताई, एसएस असेल, स्टील." असेल म्हणजे? "वरून येतं ताई, आम्हाला पण तेवढंच माहीत." मग त्याने सौजन्य म्हणून नवा पट्टा पुढे केला. तोच मॉडेल, तेच बक्कल! मी हसले, तोही ओशाळून हसला. त्याचा काय दोष.

"स्टील" एवढ्यावर माझं समाधान का होईना, तेही सांगते. चांगल्या ३१६एल स्टीलमध्येही निकेल असतंच, पण ते धातूत घट्ट बांधलेलं असतं आणि फारच थोडं सुटतं, म्हणून बहुतेक अ‍ॅलर्जीवाल्यांना ते चालतं. त्रास देतं ते साध्या धातूवर निकेलचा मुलामा चढवून चकचकीत केलेलं बक्कल, किंवा ज्याचा काळा रंग काठाला घासून उडालाय असं. म्हणजे किती निकेल आहे याहून किती सुटतं हे महत्त्वाचं. युरोपात कातडीला सतत टेकणाऱ्या वस्तूंना सुटणाऱ्या निकेलचीच मर्यादा आहे: एका चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम. आणि हा प्रश्न कंपन्यांना नवा आहे असंही नाही. २०१४ मध्ये फिटबिटने फोर्स नावाचा बँड याच पुरळांपायी अमेरिकेत बाजारातून परत मागवला होता, तेव्हा निकेल आणि चिकटवणारे गोंद या दोघांवरही बोट ठेवलं गेलं होतं. तरी आमच्या हेल्पलाइनवर "स्किन फ्रेंडली".

शेवटी उत्तर डॉक्टरांच्या टेबलावर मिळालं. त्यांच्याकडे निकेल तपासायचं द्रावण होतं, डायमिथिलग्लायऑक्झिम आणि अमोनिया. कापसाच्या काडीवर थेंब घेऊन त्यांनी ती बक्कलच्या आतल्या काठावर, जिथे काळा रंग खरवडला होता तिथे, अर्धा मिनिट घासली. काडीचं टोक गुलाबी झालं, अगदी लहानपणीच्या बडीशेपेच्या गोळीसारखं. घड्याळाच्या पाठीवर दुसरी काडी घासली, ती पांढरीच राहिली. महिनाभर ज्याच्यासाठी फोन केले ते एका मिनिटात. मात्र डॉक्टरांनी बजावलं की गुलाबी आलं तर निकेल सुटतंय असं धरा, पण नाही आलं म्हणून वस्तू निर्दोष ठरत नाही, कारण मुलामा अजून शाबूत असला तर खालचं निकेल दिसत नाही.

पॅच टेस्टही केली. पाठीवर अ‍ॅलर्जी करू शकणाऱ्या पदार्थांच्या टिकल्या चिकटवतात, ४८ तास ठेवतात, काढल्यावर एकदा आणि पुढे एक-दोन दिवसांनी परत बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही. मुंबईच्या मे महिन्यात! घामाने टिकल्या सुटल्या तर सगळं मुसळ केरात, म्हणून शक्य असेल तर ही टेस्ट डिसेंबर-जानेवारीत करा. आणि त्याआधी पाठीवर स्टेरॉइड लावू नका, पोटातून चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, नाहीतर रिझल्ट खोटा येतो. माझी निकेलची टिकली लाल होऊन फुगली, विषय संपला.

चट्टा बरा होईपर्यंत घड्याळ उतरवून ठेवलं. घाई करून लगेच दुसऱ्या हाताला बांधू नका, बक्कल तेच असेल तर तिथेही उठेल. बक्कलला पारदर्शक नेलपॉलिश लावायचा उपाय मैत्रिणीने सांगितला होता. चालतो, पण घामाने पोपडे निघतात आणि सारखं लावावं लागतं.

आता पट्टा. मी घेतला विणलेला नायलॉनचा, वेल्क्रोने बंद होणारा, ज्याची कडीही प्लॅस्टिकची. दुकानदाराला "निकेल फ्री आहे का" विचारू नका, तो हो म्हणणारच. धातू कुठे टेकतोय ते स्वतः उलटून पाहा. घड्याळाला जिथे पट्टा अडकतो तिथली रुंदी मोजून न्या, बहुतेकांची २० किंवा २२ मिलिमीटर असते. लेदर घामाला अजिबात नको: भिजतं, वाळत नाही, वास मारतं आणि कमावताना वापरलेल्या क्रोमियमचीही काहींना अ‍ॅलर्जी असते.

पण नायलॉनची खोड पावसाळ्यात कळते. तो घाम पितो आणि जुलैत दोन दिवस वाळत नाही. म्हणून मी दोन नायलॉनचे पट्टे आलटून पालटून वापरते, आणि भर पावसात प्लॅस्टिकच्या बक्कलचा सिलिकॉनचा. सिलिकॉन पुसला की झाला, मात्र त्याच्याखाली हवा जात नाही, त्यामुळे ट्रेनमधून उतरले की तो काढून मनगट आणि पट्ट्याची आतली बाजू दोन्ही पुसावी लागते. ऑफिसच्या टेबलावर एक सुती रुमाल फक्त त्यासाठीच आहे.

धुवायचं तर घरी आल्यावर सिलिकॉन साध्या पाण्याखाली धरायचा, खूप चिकट झाला असेल तरच सौम्य साबणाचा थेंब, आणि घड्याळाशी जोडलेल्या फटीत कोरडं कापड फिरवायचं, तिथेच मळ साचतो. नायलॉन घड्याळापासून सोडवून कोमट पाण्यात हाताने धुवायचा आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळायचा. राहिलेला साबणच पुढे खाजवतो. याच कारणाने घड्याळ घालून आंघोळ नको. सॅनिटायझर, डेटॉल, ओले वाइप्स पट्ट्यावर नकोत, ते कातडी कोरडी करतात आणि तडे गेलेल्या कातडीत सगळंच झोंबतं.

चालताना नाडी नीट मोजली जावी म्हणून घट्ट केलेला पट्टा चालणं संपलं की सैल करायचा, खाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. झोपेचं मोजमाप मी सोडून दिलं. रात्री घड्याळ चार्जिंगला असतं.

आणि हो, डासांचं मलम किंवा सनस्क्रीन लावलं तर ते कातडीत जिरल्यावरच पट्टा बांधा. हे मला भाच्याच्या मनगटावरून कळलं. त्याच्या पट्ट्याला धातूच नव्हता, तरी लाल पट्टी होती, सगळ्या बाजूंनी सारखी.