कॅमेरा की नवा फोन: फसलेल्या फोटोंचा हिशेब

कॅमेरा घ्यायचा की नवा फोन, हा आमचा विषय बरेच दिवस रेंगाळलाय. या खेपेला मी चांगले फोटो बाजूला ठेवले आणि फक्त फसलेले घेऊन बसलो. ते सगळे एका फोल्डरमध्ये टाकले आणि प्रत्येक फोटो कोणत्या सेटिंगवर निघाला ते, फोटोत साठवलेली माहिती वाचणाऱ्या exiftool या प्रोग्रॅमच्या एका आदेशात काढून घेतलं:

```
exiftool -T -FileName -ExposureTime -ISO -FNumber .
```

प्रवासाच्या फोटोंतून त्या फोल्डरमध्ये फारसं काही आलंच नाही. दिवसाउजेडी डोंगर, रस्ते, सगळ्यांचा एकत्र फोटो, हे फोन व्यवस्थित काढतो. फसलेले जवळजवळ सगळे घरातले निघाले: संध्याकाळ, दिव्याचा उजेड आणि पळणारी लेक. आदेशाने दिलेल्या ओळी बहुतेक सारख्याच होत्या: लेन्सचं तोंड एफ/१.८ (आकडा लहान तितका उजेड जास्त), शटर १/५० सेकंद, आणि सेन्सरची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, ५००.

गोम त्या १/५० मध्ये आहे. बसलेल्या माणसाला तो वेग चालतो. पळणाऱ्या मुलाचे हात थांबवायचे तर निदान १/२५० लागतो. फोन एकामागोमाग बऱ्याच फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो, त्यामुळे भिंत, सोफा, पडदा स्वच्छ येतात. पण हलणारा हात प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतो, तिथे ही युक्ती चालत नाही. फोटो मोठा करून पाहिला की कळतं: मागचा पडदा धाग्यापर्यंत स्पष्ट आणि बोटं मात्र एकमेकांत मिसळलेली. असं दिसलं तर समजावं की फोन हलला नव्हता, शटर कमी पडलं.

१/५० वरून १/२५० वर जायचं म्हणजे सेन्सरवर पाचपट कमी उजेड पडणार, तेव्हा आयएसओ ५०० चा २५०० होणार. आता नवा फोन किती मदत करेल ते पाहू. माझ्या फोनचा मुख्य सेन्सर १/१.३ इंची वर्गातला आहे. एक इंची सेन्सर आणि एफ/१.६ ची लेन्स असलेला फोन घेतला तरी दोन्ही मिळून साधारण दुप्पट उजेड गोळा होतो. मला हवाय पाचपट. शिवाय हा लाभ मुख्य लेन्सपुरताच. दूरचं जवळ आणणाऱ्या टेली लेन्सचा सेन्सर लहान असतो, आणि उजेड कमी असला की बरेच फोन टेलीऐवजी मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून देतात. टेली लेन्सवर बोट ठेवून बघा. चित्र तसंच राहिलं तर समजून जा.

मग मित्राचा एपीएस-सी या मोठ्या सेन्सरचा, लेन्स बदलता येणारा मिररलेस कॅमेरा घरी आणला. सेन्सर माझ्या फोनच्या सुमारे पाचपट क्षेत्रफळाचा, म्हणजे फोनवर आयएसओ ५०० ला फोटोत जेवढे दाणे, म्हणजे नॉइज, साधारण तेवढाच याच्यावर २५०० ला. हिशेब अगदी जुळला, पण अट एकच: लेन्सही एफ/१.८ हवी. सोबत आलेली किट लेन्स पूर्ण झूमवर एफ/५.६ ला अडते. एफ/१.८ च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट कमी उजेड आत घेते, म्हणून १/२५० साठी आयएसओ २५,००० च्या आसपास जातो. सेन्सरने कमावलेलं पाचपट आणि वर आणखी दुप्पट, सगळं लेन्समध्ये गेलं! माझं ठाम मत झालंय की घरातल्या फोटोंसाठी नुसत्या किट लेन्सवर कॅमेरा घेऊ नये. त्यापेक्षा आहे तो फोन बरा.

३५ मिमी एफ/१.८ लावल्यावर मात्र त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली लेकीची उडी हवेत थांबली आणि बोटं वेगवेगळी दिसली. केसांची एकेक बट मोजता यावी इतकी स्वच्छ. मी तो फोटो सगळ्यांना दाखवत सुटलो. पण या लेन्सचीही एक मर्यादा आहे. दोन मीटरवर एफ/१.८ ला फोकसची खोली जेमतेम वीत-सव्वा वीत मिळते. लेक पुढे आणि आजी तिच्या मागे बसली की दोघींतली एकच स्पष्ट येते. एफ/४ केलं तर दोघी येतात, पण आयएसओ पाचपट वाढतो आणि आपण परत फोनच्या पातळीवर. घरातल्या एकत्र फोटोला त्यामुळे फोनच हातात घ्यायचा.

सध्याचा निर्णय असा: फोन आहे तोच ठेवायचा आणि प्रवासाला तोच न्यायचा. वापरलेली एपीएस-सी बॉडी आणि ३५ मिमी एफ/१.८ घरासाठी बघायची. झूम सध्या नको. बॉडी बघायला जाईन तेव्हा एलईडी दिव्याखाली १/२५० वर आधी मेकॅनिकल आणि मग सायलेंट शटरने फोटो काढून पाहणार आहे. सायलेंटमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे लुकलुकणाऱ्या दिव्याचे आडवे पट्टे उमटू शकतात. म्हणून मेकॅनिकल शटर धडधाकट असलेलीच बॉडी घेईन.