कसाऱ्यात द्राक्षबाग कुठून आली?

नाशिकला द्राक्ष सल्लागाराच्या ऑफिसात मी डेटाचं काम बघते. ऑफिस सीबीएस बसस्टँडपासून पाच मिनिटांवर. आमची फील्डवरची पोरं दिवसभर बागेत फिरतात, पानावर डाऊनी दिसली की फोटो, घड कुजला की फोटो, गारपीट झाली की मग तर विचारूच नका. चार वर्षांचे साधारण अकरा हजार फोटो एका हार्डडिस्कवर पडलेले, नावं सगळी आयएमजी काहीतरी. सर म्हणाले गावाप्रमाणे फोल्डर करा, आणि नेटवर काही टाकायचं नाही, शेतकऱ्याच्या प्लॉटचं लोकेशन आहे ते. तसंही लोकेशनवरून गावाचं नाव सांगणाऱ्या फुकटच्या ऑनलाइन सर्व्हिसला सेकंदाला एकच प्रश्न विचारता येतो, अकरा हजारांना तीन तास, आणि घाऊक वापर त्यांना आवडतही नाही.

मग ऑफलाइनच करायचं ठरलं. जीओनेम्स या साइटवर भारतातल्या गावांची फाइल फुकट मिळते, त्यातून नाशिकच्या आजूबाजूचा एक चौकोन कापला आणि त्यातली मोठी गावं तेवढी ठेवली. तीन रकाने: नाव, अक्षांश, रेखांश. स्क्रिप्टचं काम सोपं, फोटोतलं लोकेशन घ्यायचं, टेबलमधलं सगळ्यात जवळचं गाव शोधायचं, त्या नावाचा फोल्डर करून फोटो कॉपी करायचा. कॉपीच, मूव्ह नाही, हे एक शहाणपण मी केलं होतं आणि त्यानेच वाचले.

फोटोतून लोकेशन काढायचं काम ज्युनिअरकडे दिलेलं. संध्याकाळी स्क्रिप्ट चालवली, एकही एरर नाही, मी खूश होऊन घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना गारपिटीच्या क्लेमसाठी निफाडच्या एका बागेचे फोटो हवे होते. निफाड फोल्डर उघडायला गेले तर असा फोल्डरच नाही. आणि कसारा फोल्डरमध्ये दीड हजार फोटो! कसारा म्हणजे घाटाखालचं भाताचं गाव, तिथे आमचा एकही क्लायंट नाही. पहिलाच फोटो उघडला तर आमच्या ऑफिसच्या पायऱ्या, कडेला आमच्याच चहावाल्याची किटली. म्हणजे मी रात्रभरात ऑफिस कसाऱ्याला हलवलं होतं.

निफाडचे फोटो शेवटी सापडले मालेगावात. त्र्यंबकचे गेले होते खर्डीला. मला आधी वाटलं टेबलच चुकलंय, पण टेबलमधली नाशिक, निफाड, कसारा नकाशावर तपासली, बरोबर होती. आणि काही फोटो नैऋत्येला गेलेले, काही ईशान्येला, म्हणजे सगळं एका बाजूला सरकलंय असंही नाही.

मग ज्युनिअरची यादी उघडली आणि नुसती वर-खाली करत बसले. दहा मिनिटांनी लक्षात आलं की पॉइंटच्या पुढे दोन आकडे आहेत तिथे 59 च्या वर एकही आकडा नाही. 19.59 आहे, 73.47 आहे, पण 60 ते 99 मधलं काही म्हणता काहीच नाही. हजारो खऱ्या लोकेशनमध्ये असं होणं शक्यच नाही. साठच्या आत थांबणारी गोष्ट कुठली? मिनिटं!

फोनचा कॅमेरा फोटोच्या आत अक्षांश तीन तुकड्यांत लिहितो, अंश, मिनिटं, सेकंद. ही माहिती वाचणारा एक्झिफटूल हा प्रोग्राम साधा चालवला तर असं दाखवतो:

```
19 deg 59' 50.00" N
73 deg 47' 10.00" E
```

ज्युनिअरने एक्सेलमध्ये अंशाचा एक रकाना केला, मिनिटांचा एक, मध्ये टिंब देऊन जोडले, आणि सेकंद सोडून दिले. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, सेकंद म्हणजे थोडंसंच असतं ना?" सेकंदाचं त्याचं तसं बरोबरच होतं, एक सेकंद म्हणजे तीसेक मीटर, सगळे सोडले तरी चूक दोन किलोमीटरच्या आतच. घोळ टिंबाने केला. एका अंशात मिनिटं साठ असतात, शंभर नाही, म्हणून हिशोब असा करायचा:

```
19 + 59/60 + 50/3600 = 19.9972
```

आमच्याकडे झालं होतं 19.59. फरक 0.4 अंशाचा, एक अंश अक्षांश म्हणजे 111 किलोमीटर, म्हणजे फोटो 45 किलोमीटर दक्षिणेला गेला, रेखांशाच्या चुकीने अजून 33 किलोमीटर पश्चिमेला. नकाशावर तिथे बोट ठेवा, सगळ्यात जवळ कसारा.

मग निफाड उलट्या दिशेला का गेलं? तिथली बाग 20 अंश 5 मिनिटं, 74 अंश 6 मिनिटं. टिंब लावल्यावर 20.5 आणि 74.6, खरं हवं होतं 20.08 आणि 74.1. मिनिटं एक आकडी असली की फोटो वर उडतो, दोन आकडी असली की खाली घसरतो. आणि सगळ्यात भारी गंमत नाशिक शहराची. 20 अंशाची रेषा शहरातूनच जाते. सीबीएसकडचे फोटो 19.59 होऊन कसाऱ्याला, आणि गंगापूर रोडचे 20 अंश 0 मिनिटं, म्हणजे 20.0 होऊन चक्क त्र्यंबकला. एकाच दिवशी एकाच फोनने काढलेले!

ती यादी दुरुस्त करता येईल का म्हणून बघितलं, पण एक्सेलने आकडा समजून 20.50 चा 20.5 केला होता, आता हे 5 मिनिटं का 50 ते कसं कळणार. सोडून दिलं, मूळ फोटोंवरून परत काढलं. एक्झिफटूलला -n दिलं की तो स्वतःच दशांशात देतो, जोडाजोडी नाहीच:

```
exiftool -n -csv -r -GPSLatitude -GPSLongitude photos > gps.csv
```

पण मला खरा राग माझ्या स्क्रिप्टचा आला. सगळ्यात जवळचं गाव शोध म्हटलं की ती काही ना काही देतेच, "माहीत नाही" कधी म्हणतच नाही. फोटो अरबी समुद्रातला असता तरी तिने कुठलं तरी गाव चिकटवलं असतं. म्हणून आता गाव आणि फोटोमधलं अंतरही लिहून ठेवते, आणि 8 किलोमीटरच्या वर गेलं की फोटो "तपासा" फोल्डरमध्ये. ही अट असती तर त्र्यंबकला गेलेले गंगापूर रोडचे आणि मालेगावातले निफाडचे, दोन्ही पहिल्या रात्रीच तिथे अडकले असते. कसाऱ्याचे मात्र नसते अडकले, ती चुकीची जागा कसाऱ्यापासून सहा-सात किलोमीटरवरच होती, तिथे चहाची किटलीच कामाला आली.

दुपारपर्यंत नवीन रन झाला, निफाडचे फोटो सरांना दिले. अजून एक कुरबुर आहेच. टेबलमध्ये गाव म्हणजे एक ठिपका, गावाची शीव त्याला कळत नाही. ओझर आणि पिंपळगावच्या मधला एक प्लॉट अर्धा इकडे अर्धा तिकडे पडलाय, तो हाताने लावला. आणि शेतकऱ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोंत लोकेशन उरतच नाही, ते आठशे फोटो अजून तसेच पडून आहेत, त्यासाठी ज्युनिअर रोज चार-पाच जणांना फोन करतोय, "दादा, हा फोटो कुठल्या प्लॉटचा?"

कसारा फोल्डर आता रिकामा असेल म्हणून डिलीट करायला गेले, तर आत तीन फोटो. पाऊस, धुकं, आणि घाटात गाडी थांबवून सर भजी खातायत.