कपातले चहाचे डाग आणि खायचा सोडा

आमच्याकडे इंदूरला सासऱ्यांचा कोरा चहा दिवसभर चालतो, त्यामुळे सगळ्यात काळा पडला होता तो त्यांचा पांढरा मग. दुधाच्या चहाचे कप तेवढे काळवंडत नाहीत, कारण चहातलं टॅनिन दुधातल्या प्रथिनांना चिकटतं. कोऱ्या चहाचं मात्र कपालाच चिकटतं. त्यात पाणी बोअरिंगचं, म्हणजे जड. पाण्यातल्या क्षारांबरोबर टॅनिनचा असा पापुद्रा धरतो की भांड्यांच्या साबणाने तो हलतही नाही.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, तारेच्या घासणीनं घास, निघेल." मी तारेची घासणी लावू दिली नाही. तिने करड्या रेघा उमटतात, कपावरचा काचेसारखा थर खरवडला जातो आणि मग डाग आणखी पटकन धरतात. सोड्याचे कण त्या थरापेक्षा मऊ असतात, म्हणून डाग निघतो पण कप ओरखडत नाही. मात्र सोडा खायचा हवा, ज्याला इथले दुकानदार मीठा सोडा म्हणतात. धुण्याचा सोडा बराच जहाल असतो, तो नको.

सासऱ्यांचा मग नुसता विसळला आणि ओला असतानाच आत एक चमचा सोडा टाकला. वर थेंब थेंब पाणी घालून दाट लेप केला. हे महत्त्वाचं आहे. पाणी जास्त झालं की सोडा विरघळतो, आणि घासायला कणच उरत नाहीत. काही जण वर लिंबू किंवा व्हिनेगर पिळतात. फेस छान येतो, पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि हाती काही उरत नाही.

पंधरा मिनिटं लेप तसाच ठेवला, मग बोटाला जुन्या सुती पंच्याची ओली चिंधी गुंडाळून गोल गोल घासलं. पांढरा लेप हळूहळू तपकिरी होऊ लागला की समजायचं, डाग सुटतोय. तळाच्या कोपऱ्यात, जिथे भिंत वळते, तिथे सगळ्यात जास्त बसलेला असतो. तिथे जुना दातांचा ब्रश कामी आला. नंतर गरम पाण्याने विसळून तो मग उजेडाकडे तिरका धरला. तळाशी एक पिवळट कडी दिसत होती, तेवढ्यावर पुन्हा लेप लावला आणि तीही गेली. शेवटी बोट फिरवून पाहिलं. बोट बुळबुळीत किंवा पिठूळ लागलं, तर सोडा राहिलाय, पुन्हा विसळायचा.

सोनेरी काठाच्या पाहुण्यांच्या कपांना मी काठ सोडून आतूनच लेप लावते, कारण घासून सोनेरी रंग झिजतो. आणि एका जुन्या कपात जाळीसारख्या बारीक तपकिरी रेघा आहेत, त्या काही केल्या जात नाहीत. तिथे थरालाच भेगा गेल्यात आणि चहा त्याखाली मुरलाय. सोडा वरवरच काम करतो. तो कप आता आम्ही चहाला वापरत नाही, त्यात सासूबाईंनी पुदिना लावलाय.