एसएसआरटीचा आकडा आणि विभागातली जुनी शीट

विभागात एसएसआरटी, म्हणजे सुरू झालेली कृती रोखायला लागणारा वेळ, काढायची एक तयार एक्सेल शीट होती. बरीच वर्षं हातोहात फिरलेली. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "नवीन काही करत बसू नकोस गं, डेटा त्यात टाक, एसएसआरटी आपोआप येईल." आकडा आला खरा, पण तो पटेना. पुढे माझ्या प्रबंधाचं सगळं घोडं तिथेच अडलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी काम काय होतं ते सांगते. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं निदान झालेली मुलं आणि न झालेली मुलं यांच्यात, सुरू झालेली कृती मधेच रोखायला किती वेळ लागतो, हे बघायचं होतं. त्यासाठी स्टॉप-सिग्नल टास्क वापरला. पडद्यावर डावीकडचा किंवा उजवीकडचा बाण येतो आणि त्या बाजूचं बटण लगेच दाबायचं असतं. साधारण चारातल्या एका ट्रायलला बाणानंतर थोड्या वेळाने बीप वाजतो. बीप वाजला की हात रोखायचा. बाण आणि बीप यांच्यातलं अंतर स्थिर नसतं. मूल थांबलं की पुढच्या वेळी अंतर 50 मिलिसेकंदांनी वाढतं, म्हणजे थांबणं अवघड होतं. नाही थांबलं तर तितकंच कमी होतं. त्यामुळे कोणीही असो, थांबण्यात अपयश साधारण निम्म्या वेळा येतं.

नीतिमत्ता समिती, पालकांची संमती, शाळांच्या परवानग्या हे सगळं वेळेत झालं. अडलं ते गणितात.

मूल यशस्वीपणे थांबतं तेव्हा बटण दाबलंच जात नाही. मग थांबण्याचा वेग मोजणार कशावरून? 1984 साली लोगन आणि कोवान यांनी त्यासाठी शर्यतीचं मॉडेल मांडलं. बाण दिसताच 'दाब' ही प्रक्रिया धावायला लागते, बीप वाजताच 'थांब' ही. जी आधी पोचेल तिच्यासारखं घडतं. आता समजा बीप असलेल्या ट्रायलपैकी 48 टक्क्यांत मुलाने बटण दाबलं. याचा अर्थ त्याच्या सगळ्यात वेगवान 48 टक्के प्रतिक्रिया 'थांब'च्या तावडीतून निसटल्या. म्हणून बीप नसलेल्या ट्रायलचे प्रतिक्रियाकाळ लहानापासून मोठ्याकडे लावायचे आणि 48 टक्क्यांच्या जागी येणारा आकडा घ्यायचा. 'थांब' प्रक्रिया सरासरी तिथे पोचली. त्यातून बाण ते बीप हे सरासरी अंतर वजा केलं की उरतो तो थांबायला लागलेला वेळ, म्हणजे एसएसआरटी.

जुनी शीट हे करतच नव्हती. ती सरळ सगळ्या प्रतिक्रियाकाळांची सरासरी घेऊन त्यातून बीपचं सरासरी अंतर वजा करायची. अपयश बरोबर निम्मं असेल आणि प्रतिक्रियाकाळ मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले असतील, तर हे चालतं. मुलांचे प्रतिक्रियाकाळ तसे नसतातच. बरेचसे जवळजवळ असतात आणि काही खूप लांबलेले. लक्ष मधेच उडालं की बटण उशिरा दाबलं जातं. एडीएचडी असलेल्या मुलांत ही लांब शेपटी जास्त दिसते. शेपटी सरासरीला वर ओढते, आणि मूल थांबायला संथ आहे असा निष्कर्ष निघतो. मुळात ते कधीमधी उत्तर द्यायला संथ असतं. मला जो फरक मोजायचा होता, नेमका तोच फरक शीट स्वतः तयार करत होती! याचा राग अजून गेलेला नाही, कारण त्या शीटवर याआधीही प्रबंध झालेत.

एका मुलाचे आकडे देते. 400 ट्रायल, त्यातले 300 साधे आणि 100 बीपचे. बीपच्या ट्रायलमध्ये 48 वेळा बटण दाबलं गेलं. बीपचं सरासरी अंतर 270 मिलिसेकंद. साध्या ट्रायलमधला सरासरी प्रतिक्रियाकाळ 560. जुन्या शीटचं उत्तर: 560 वजा 270, म्हणजे 290.

आता क्रमवारीने. पण इथे आणखी एक गाठ आहे. 300 पैकी 30 साध्या ट्रायलमध्ये मुलाने बटणच दाबलं नव्हतं. शीट या रिकाम्या ट्रायल गाळून टाकायची. गाळल्या तर 270 चे 48 टक्के म्हणजे 130 वा आकडा. तो 503 होता, म्हणून उत्तर 233. पण त्या गाळता येत नाहीत. मुलाचं लक्ष जसं साध्या ट्रायलमध्ये उडतं तसंच बीपच्या ट्रायलमध्येही उडत असणार, आणि तिथे न दाबलेलं बटण 'थांबला' म्हणून मोजलं जातं. एका बाजूला ती चूक हिशोबात आणि दुसऱ्या बाजूला गायब, असं चालत नाही. म्हणून रिकाम्या जागी त्या मुलाचा सगळ्यात मोठा प्रतिक्रियाकाळ भरायचा. मग 300 पैकी 144 वा आकडा, 512, आणि एसएसआरटी 242. जुन्या शीटपेक्षा 48 मिलिसेकंद कमी. या क्षेत्रात दोन गटांमधला फरकही अनेकदा एवढाच असतो.

2019 मध्ये व्हरब्रुगन आणि अनेक सहकाऱ्यांनी मिळून जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात हीच रीत सुचवली आहे. ती मॅडमपुढे ठेवली तेव्हा कुठे परवानगी मिळाली. आर या सांख्यिकीच्या संगणक-भाषेत काम तीन ओळींचं आहे:

```
rt[is.na(rt)] <- max(rt, na.rm = TRUE)
n <- ceiling(p * length(rt))
ssrt <- sort(rt)[n] - mean(ssd)
```

`rt` मध्ये साध्या ट्रायलचे सगळे काळ हवेत, चुकीचं बटण दाबलेलेसुद्धा. `p` म्हणजे बीपच्या ट्रायलमध्ये बटण दाबल्याचं प्रमाण, वरच्या मुलासाठी 0.48, आणि `ssd` म्हणजे बाण ते बीप ही अंतरं.

सूचना देतानाची एक गोष्ट आत्ता आठवली, ती डेटा घेण्याआधीच लागते. मुलं हुशार असतात. बीप येईल म्हणून वाट बघत बसतात आणि मग शर्यतच उरत नाही. सुरुवातीलाच सांगायचं की वाट बघू नकोस, अंतर आपोआप बदलतं, निम्म्या वेळा थांबता येणार नाहीच आणि त्यात काही वाईट नाही. प्रत्येक टप्प्यानंतर त्याचा वेग त्याला दाखवायचा. हे सांगितल्यावर फरक डोळ्यांना दिसतो.

मॅडमनी मधे सुचवलं होतं की गो/नो-गो सोपा आहे, तोच घे. त्यात एका चिन्हाला दाबायचं आणि दुसऱ्याला नाही. तिथे सुरू झालेली कृती मागे घ्यावी लागत नाही, सुरूच करायची नाही एवढं ठरवायचं असतं. बाण आणि बीप यांच्यासारखं अंतर नाही, त्यामुळे वेग काढता येत नाही. नको तिथे किती वेळा दाबलं एवढंच कळतं. माझा प्रश्न वेगाचा होता, म्हणून मी नाही म्हटलं आणि त्याचा मला आनंद आहे.

आकडा वापरण्याआधी एक तपासणी मात्र प्रत्येक मुलासाठी करा. थांबता न आलेल्या ट्रायलचा सरासरी प्रतिक्रियाकाळ साध्या ट्रायलच्या सरासरीपेक्षा कमी हवा, कारण निसटतात त्या वेगवानच प्रतिक्रिया. वरच्या मुलाचा तो 505 होता, 560 पेक्षा कमी. जास्त निघाला तर मॉडेल त्या मुलाला लागू नाही, एसएसआरटी काढूच नका. बीपच्या ट्रायलमध्ये बटण दाबण्याचं प्रमाण 25 टक्क्यांखाली किंवा 75 च्या वर गेलं तरी तेच. माझ्या अंतिम तक्त्यात अशा मुलांपुढे एसएसआरटीची जागा मी रिकामी ठेवली आणि बाकीचे आकडे, रिकाम्या ट्रायलसकट, सगळे छापले.