चाळीस होतील का?

शनिवार, रात्री उशिरा

“ताई, तुम्हाला हे सगळे नियम एवढे पाठ कसे?”

आज ऑफिसात आमची तीन पोरं सीए फायनल पास झाल्याचे पेढे होते. त्यातल्या बारक्याने परीक्षेच्या नियमांवरून सगळ्यांसमोर हे विचारलं, तेही कौतुकाने. सगळे हसले, मीही हसले. सरांनी पेढ्याचा बॉक्स पुढे सरकवला आणि विषय तिथेच संपला. माझा काही संपला नाही. पीएमटीत डोक्यात तेच, भाजी घेताना तेच, आता हे लिहितानाही तेच.

सरांनी गुरुवारीच सांगून टाकलं होतं, “या वेळी मी बोलणार नाही. पोरं तुझ्या हाताखालची आहेत, दोन मिनिटं तूच बोल.” सर बोलत नाहीत हे एक बरंच झालं. दर वर्षी ते ‘य एष सुप्तेषु जागर्ति’पासून सुरुवात करतात. सीए इन्स्टिट्यूटचं ते बोधवाक्य, कठोपनिषदातलं. सगळे झोपलेले असताना जो जागा असतो तो. ऐकताना मागच्या रांगेत कुणीतरी जांभई देतंच.

काल रात्री ट्रायल बॅलन्सच्या पाठकोऱ्या कागदावर मुद्दे काढायला बसले. तिघांनी मार्कांचे स्क्रीनशॉट पाठवले होते. जिला आम्ही ‘सोलापूर’ म्हणतो, तिचं काही लिहायलाच नको. सहाही पेपरांत साठीच्या पुढे, नेहमीसारखी. बारक्याचं आणि मोठीचं बघताना मात्र पेन थांबलं.

बारक्याचा पहिला ग्रुप: एफआर ४१, एएफएम ५८, ऑडिट ४४. बेरीज १४३. ग्रुपला तीनशेपैकी दीडशे लागतात, म्हणजे नुसता हा ग्रुप दिला असता तर सात मार्कांनी नापास. दुसऱ्या ग्रुपमध्ये १६८. दोन्ही मिळून सहाशेपैकी ३११. दोन्ही ग्रुप एकाच वेळी दिले, प्रत्येक पेपरात चाळीस आहेत आणि एकूण बेरीज निदान तीनशे आहे, तर दोन्ही ग्रुप पास. एकातले जास्तीचे मार्क दुसऱ्यातली तूट भरून काढतात. यालाच आम्ही सेट ऑफ म्हणतो. बारक्या सेट ऑफवर सीए झाला.

मोठीचं नेमकं उलटं. मागच्या खेपेला तिनेही दोन्ही ग्रुप दिले होते. पहिल्यात ६४, ४० आणि ४२, म्हणजे १४६. दुसऱ्यात १५२. एकूण २९८. दोन मार्क! दुसरा ग्रुप सुटला, पहिला अडकला. हातात राहिली ती एफआरच्या चौसष्टची एक्झम्प्शन. साठ किंवा जास्त मार्क पडलेला पेपर पुढच्या तीन अटेम्प्टांपर्यंत पुन्हा द्यावा लागत नाही आणि त्याचे मार्क बेरजेत धरतात. उरलेल्या दोन पेपरांत मिळून तिला शहाऐंशी हवे होते, त्यात कुठलाही चाळीसच्या खाली जाऊन चालणार नव्हतं. ती पुन्हा नवी पेठेतल्या अभ्यासिकेत जाऊन बसली आणि ब्याण्णव घेऊन आली.

आता भाषणात म्हणायचं काय? ऑफिसात सकाळपासून ‘बारक्याने एका फटक्यात काढली’ चाललं होतं. चूक नाही त्यात. पण ते ऐकलं की मोठी उठून पाणी प्यायला जायची. गंमत अशी की दोघांनी दोन्ही ग्रुप एकदम दिले तेव्हाचे आकडे समोरासमोर ठेवले तर पहिल्या ग्रुपात मोठीचे १४६ आणि बारक्याचे १४३! तीन मार्क तिचेच जास्त. म्हणून ‘एका फटक्यात’ हे शब्द मी कागदावर आणलेच नाहीत. मार्कही नाहीत. ज्याने त्याने काय केलं, तेवढंच सांगायचं ठरवलं.

भाषण साधारण असं झालं:

“तिघांचं अभिनंदन. सोलापूर, तुझ्याबद्दल बोलायला लागले तर समोसे गार होतील, तेव्हा तू खाली बस. मोठे, निकालानंतर आठव्या दिवशी तू ऑडिटची स्टँडर्ड्स पहिल्यापासून काढलीस, तेव्हा मी काही बोलले नव्हते, आज बोलते. मला ते जमलं असतं की नाही, माहीत नाही. बारक्या, तू एफआरचा पेपर देऊन बाहेर आलास आणि पुढच्या पेपरालाही गेलास. तुझं अभिनंदन मी त्या दुसऱ्या वाक्याबद्दल करतेय. आणि शेवटचं, तिघांनाही. तुम्ही परीक्षा पास झालात, मेंबर झालेला नाहीत. मेंबरशिप नंबर हातात येईपर्यंत नावाआधी सीए लावू नका. बारक्या, व्हॉट्सॲप काढ.”

यावर जोरदार हशा. त्याने खरंच तिथल्या तिथे काढलं.

मग तो बोलायला उभा राहिला आणि एफआरच्या दिवसाचा किस्सा सांगितला. पेपर सुटल्यावर त्याने सेंटरच्या बाहेरूनच मला फोन केला होता. आवाज पार पडलेला. “ताई, कन्सॉलिडेशन जुळलंच नाही. गुडविल चुकलं वाटतं. ग्रुप गेला. आता नुसत्या दुसऱ्या ग्रुपचंच बघतो.” मी गुडविलचं काही विचारलंच नाही. एवढंच विचारलं, “चाळीस होतील का?”

मग आम्ही फोनवर हिशोब मांडला. एमसीक्यू तीस मार्कांचे, त्यातले सोळा तरी नक्की बरोबर आहेत म्हणाला. उरले चोवीस, सत्तरच्या लेखी भागातून. कन्सॉलिडेशनचा ताळेबंद जुळला नाही म्हणून सगळं शून्य होत नाही. नेट ॲसेट्सचं वर्किंग, एनसीआयचं वर्किंग, स्टॉकमधला न कमावलेला नफा काढून टाकणं, प्रत्येक पायरीला आपापले मार्क असतात. वर्किंग नोट्स लिहिल्यास? लिहिल्या. फायनान्शियल इन्स्ट्रुमेंट्सचा प्रश्न? पूर्ण. लीज? अर्धा. म्हटलं, मग चाळीस होतात. चाळीस होत असतील तर ग्रुप गेलेला नाही, टॅक्समध्ये भरून काढता येईल. एकोणचाळीस असते तर दुसऱ्या ग्रुपात दोनशे आणलेस तरी सेट ऑफ मिळाला नसता. पण ते तुझ्या हातातून सुटलंय. एएफएमला बस.

नापासातली निम्मी मंडळी इथेच अडकतात असं माझं मत आहे. पहिला पेपर वाईट गेला की उरलेल्या दोघांना दांडी मारायची आणि ‘एका ग्रुपवर लक्ष देतो’ म्हणायचं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण दांडी मारली की सेट ऑफ तर गेलाच, शिवाय एखाद्या पेपरात साठ पडले असते तर मिळणारी एक्झम्प्शनही गेली. कारण तिच्यासाठी ग्रुपचे सगळे पेपर द्यावे लागतात.

तर हे सगळं त्याने रंगवून सांगितलं आणि शेवटी ते विचारलं. एवढे पाठ कसे.

कसे म्हणजे काय रे बाबा.

काल रात्री तिघांचे आकडे बघून झाल्यावर मी माझी फाईल काढली. काढायची नव्हती, पण काढली. आमच्या वेळी आठ पेपर होते, चार-चारचा ग्रुप, चारशेपैकी दोनशे. माझा पहिला ग्रुप सुटला २३८ वर. दुसरा नंतर, वेगळा दिला. एएमए ४३, इस्का ४१, डायरेक्ट टॅक्स ५७, इनडायरेक्ट ४८. एकशे एकोणनव्वद. अकराने नापास. आणि २३८ अधिक १८९ म्हणजे ४२७. लागतात चारशे.

चारशे सत्तावीस.

आता मला कळतंय की ही बेरीज खोटी आहे. दोन वेगळ्या खेपांचे मार्क एकत्र करायला इन्स्टिट्यूट परवानगी देत नाही आणि देऊही नये. आठही पेपरांचा अभ्यास एकदम केला असता तर २३८ आले असते का? एसएफएमचे ६९ आले ते चार महिने दुसरं काही हातात धरलं नव्हतं म्हणून. तेव्हा घरी बाबांचं जे चाललं होतं त्यात आठ पेपर शक्यच नव्हते. ‘एक ग्रुप पदरात पाडून घे’ असं सगळ्यांनीच सांगितलं आणि ते चुकीचं नव्हतं. हे सगळं मान्य. तरी ४२७ डोक्यातून जात नाही. उशाला ठेवलेल्या घड्याळासारखं रात्री जास्तच ऐकू येतं.

आणि नंतर... असो. नंतर स्कीम बदलली, इस्का गेलं, जीएसटी आलं, लग्न झालं.

हेवा वाटतोय का मला? संध्याकाळपासून तपासून बघतेय. मोठीचा अजिबात नाही. बारक्याचा? वाटला असता तर सोपं झालं असतं. मला वाटतंय ते वेगळंच आहे. सेंटरबाहेरून मी फोन केला असता तर ‘चाळीस होतील का’ विचारणारं पलीकडे कुणी नव्हतं, आणि तो प्रश्न मला येतो तो न सुटलेल्या ग्रुपमुळे. पास झालेल्यांना सेट ऑफ आठवत नाही. सरांना परवा विचारलं तर म्हणाले, “ॲग्रिगेट पन्नास टक्के ना?” बस्स. त्यांना गरजच पडली नाही.

म्हणजे या विषयातली ऑफिसची तज्ज्ञ मीच. नापासशास्त्राची विभागप्रमुख! हे लिहिलं आणि एकटीच हसले. आतून विचारणा झाली, काय झालं म्हणून.

फोटो काढताना सरांनी मला मध्ये उभं केलं. डावीकडे दोघी, उजवीकडे बारक्या. तो कानात म्हणाला, “ताई, तुम्ही पण बसा ना परत.” मी “बघू” म्हटलं. यावर ‘बघू’च म्हणतात. त्याने पुढे विचारलं नाही, ते बरं केलं.

खरं तर विचारायचं मलाच होतं त्याला. मेंबरशिप येईल, प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट म्हणजे सीओपी घेईल, कदाचित दोन-चार वर्षांत इथेच पार्टनर होईल. मग वर्किंग पेपर्स मी लावणार, क्वेरी मी काढणार, क्लायंटच्या अकाउंटंटशी भांडण मी करणार आणि खाली सही बारक्याची. सही केलेल्या रिपोर्टचा अठरा आकड्यांचा नंबर, युडीआयएन, त्याच्या लॉगिनने निघणार आणि साठ दिवसांच्या आत काढायची आठवण त्याला मीच करणार. आजही सरांना मीच करते. बारक्याला करताना निदान ओरडता येईल.

सोमवारपासून टॅक्स ऑडिटच्या याद्या काढायच्यात. त्या ऑडिटच्या थ्रीसीडी फॉर्मचा क्लॉज ४४, जीएसटीवाल्या आणि बिगर-जीएसटीवाल्यांकडून झालेल्या खर्चाची फोड, तो दर वर्षी कुणालाच नको असतो. डेअरीवाल्यांचा तर नकोच नको, त्यांचे निम्मे पुरवठादार विनानोंदणी. या वर्षी तो बारक्याला देतेय. सीए झालाय ना आता.