खारीचा बेड आणि पट्टा, कुठला रंग घेतला आणि का

आमची खारी म्हणजे देशी कुत्री, बिस्किटी रंगाची, तोंडाकडे काळपट, छातीवर आणि पायांच्या टोकांना पांढरी. हॉलमध्ये क्रीम टाइल्स, राखाडी सोफा आणि मोरपंखी पडदे. बेड आणि पट्टा दोन्ही एकदमच घ्यायचे होते, आणि सगळे म्हणत होते की पडद्याला मॅचिंग सेट मिळतो ऑनलाइन तो मागव आणि मोकळी हो. पण थोडं बघितल्यावर कळलं की दोन्हींचा हिशोब उलटा आहे, बेड कुत्र्याच्या केसांशी मिळताजुळता हवा आणि पट्टा त्या केसांच्या अगदी विरुद्ध. एकाच रंगाचा सेट घेतला की दोघांपैकी एक चुकणारच.

बेडचं आधी सांगते. कुत्रा लांबून ज्या रंगाचा दिसतो त्या रंगाचे केस गळत नाहीत, हे मला ब्रश करताना लक्षात आलं. खारीचे वरचे जाड केस बिस्किटी, टोकाला जरा गडद, पण आतली मऊ लव जवळजवळ सायीच्या रंगाची, आणि गळते ती जास्त करून हीच. म्हणून ब्रशमधले केस एका पाकिटात भरले आणि पडद्यांच्या दुकानात गेले, तिथे सोफ्याच्या कापडाचे नमुन्यांचे कॅटलॉग असतात ना, एकेका तुकड्यावर चिमूटभर केस टाकायचे, हाताने जरा चोळायचे आणि चार पावलं मागे जाऊन बघायचं. दुकानदार आधी हसला, मग स्वतःच नवीन नवीन कॅटलॉग काढून द्यायला लागला.

मोरपंखी आणि नेव्ही ब्लू कापडावर एकेक केस मोजता येत होता. प्लेन क्रीमवर केस अजिबात दिसत नव्हते, पण आमच्याकडे पावसाळ्यात चिखलाचे पाय येतात त्यामुळे ते बादच. सगळ्यात चांगलं निघालं ते मिक्स धाग्याचं कापड, म्हणजे एकाच विणीत बिस्किटी, मातकट आणि थोडा करडा धागा, दुकानात त्याला मेलांज म्हणत होते. एकसारखा रंग नसल्यामुळे नजर कुठे ठरतच नाही आणि केस त्यात मिसळून जातात, शिवाय त्यातल्या करड्या धाग्यामुळे राखाडी सोफ्याशीही नातं जुळतं. वीण मात्र घट्ट बघून घेतली. वेलवेट आणि फ्लीसमध्ये केस रुततात, मग रंग कितीही बरोबर असो झटकून निघत नाहीत, आणि टॉवेलसारख्या लूपच्या कापडात नखं अडकून धागे ओढले जातात.

आता उजेड. दुकानात पांढरे ट्यूब होते, आमच्या हॉलमध्ये संध्याकाळी पिवळसर वॉर्म दिवे असतात, साधारण ३००० केल्विनचे, आणि दुकानातले बहुतेक ६५०० वाले असतात. त्याने फरक केवढा पडतो! जो तुकडा दुकानात छान थंड राखाडी वाटला तो घरी दिव्याखाली मातकट झाला, आणि एक बिस्किटी तुकडा चक्क हिरवट मारायला लागला. दुकानदाराने तीन-चार नमुने घरी न्यायला दिले होते, ते टाइल्सवर पसरून ठेवले, सकाळी बाल्कनीच्या उजेडात बघितले, रात्री दिव्याखाली बघितले, आणि जो दोन्ही वेळा बरा दिसला तोच ठेवला. विकत घ्यायच्या आधी हे एवढं कराच, कापड कापलं की दुकानदार परत घेत नाही.

यात एक अडचण होती. क्रीम फरशी, फिकट बेड आणि त्यावर बिस्किटी कुत्रा, म्हणजे रात्री काहीच दिसत नाही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, ती पहाटे अंधारात स्वयंपाकघरात जाते, बेड तिच्या वाटेतच आहे आणि खारीची शेपटी नेहमी बाहेर. बेड गडद केला तर केस दिसणार, फिकट ठेवला तर आई अडखळणार. मग वरचं कापड मेलांजच ठेवलं आणि चारी कडांना, म्हणजे शिवणीच्या पायपिंगला आणि बाजूच्या पट्टीला गडद कॉफी रंग घेतला. फरशीवर बेडची चौकट उठून दिसते, आणि कडेवर खारी झोपत नाही त्यामुळे तिथे केस फारसे साचत नाहीत. सागवानी शोकेसशी तो कॉफी रंग बरा जमला, हा वरचा बोनस.

कव्हर घराजवळच्या गादीवाल्याकडे शिवून घेतलं. खारी आडवी पसरून झोपलेली असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजलं, त्यात वीतभर वाढवलं, बेड आला ३६ बाय २८ इंच, ५ इंच जाड. सोफ्याचं कापड ५४ इंच पन्ह्याचं असतं, त्यात वरखालचे दोन तुकडे आणि बाजूची पट्टी पावणेदोन मीटरमध्ये बसते. पण कापड धुतल्यावर आटतं म्हणून दोन मीटर घ्या आणि शिवायच्या आधी धुऊन घ्या. कॉफी पट्टी वेगळ्या कापडाची होती म्हणून माझं मेलांज थोडं उरलं. चेन लांब ठेवायला सांगा, निदान एक अख्खी बाजू, नाहीतर फोम आत घालताना घाम फुटतो.

पट्ट्याला मात्र कॉन्ट्रास्ट हवा. खारीचा रंग मुळात नारिंगीच्या घरातला, त्याच्या समोर निळा येतो, त्यामुळे निळ्या कुळातलं काहीही तिच्यावर उठतं. लाल पट्टा लावून बघितला तर दोन्ही उबदार रंग एकमेकांत विरघळले, पिवळा तर दिसेचना. आई म्हणाली, "अगं, चिंतामणी घे, गोऱ्या रंगावर खुलतो," आणि कुत्र्याला साडीच्या दुकानासारखं निरखत बसली. शेवटी मोरपंखी घेतला, पडद्यांशी तेवढाच एक धागा जुळतो. खारीला स्वतःला त्यातलं काय दिसतं म्हणाल तर कुत्र्यांना निळा आणि पिवळा ओळखू येतो, लाल-हिरवा मळकट दिसतो, पण स्वतःच्या गळ्यातला पट्टा तिला दिसतोच कुठे, तो रंग आपल्यासाठी.

रुंदी एक इंच घेतली, तिच्या मानेवर केस दाट आहेत, त्यात अर्ध्या इंचाचा पट्टा बुडून जातो आणि रंग निवडून काही उपयोग राहत नाही. घालताना दोन बोटं आत जायला हवीत. विकत घ्यायच्या आधी ओला पांढरा रुमाल पट्ट्यावर जोरात घासून बघा, गडद लाल, मरून वगैरे नायलॉन पट्टे रंग सोडतात आणि पावसात तो रंग पांढऱ्या छातीवर उतरतो, शेजारच्या एका कुत्र्याची छाती अख्खा जुलै गुलाबी होती. आणि रात्री रस्त्यावर मोरपंखी काळाच दिसतो, म्हणून चमकणाऱ्या धाग्याची शिवण असलेला घ्या, गाडीचा दिवा पडला की ती लखकन दिसते. दिवसा त्या शिवणीमुळे रंग थोडा फिका वाटतो, चालतंय.

बहिणीकडे काळा लॅब आहे, तिचं गणित पूर्ण उलटं झालं. तिच्या फिकट सोफ्यावर काळे केस दिसायचेच, मग बेड कोळशाच्या रंगाच्या मेलांजमध्ये घेतला, कडा फिकट ठेवल्या, आणि नेव्ही पट्टा काळ्या केसांत गायब होत होता म्हणून भडक नारिंगी लावला.