साडीमागे तीस रुपये: दुकानाच्या पाटीवर नेमकं काय लिहायचं?

२०२४ च्या नवरात्रात दादाने ठरवलं, की दुकानातल्या विक्रीचा काही भाग कर्णबधिर मुलांची शाळा चालवणाऱ्या आमच्या गावातल्या संस्थेला द्यायचा. साड्यांचं दुकान त्याचं. हिशोब, बिलं आणि जाहिरात माझ्याकडे. त्यामुळे पाटीवरचा मजकूर लिहिणंही आपसूक माझ्याकडे आलं. दादाने सांगितलेलं वाक्य होतं, "आमच्या विक्रीतला १० टक्के भाग मुलांसाठी." वाचायला छान आहे, पण १० टक्के कशाचे?

मी एक साडी घेऊन हिशोब मांडला. लेबलवर १०५० रुपये. त्यातले ५० रुपये जीएसटीचे, ते सरकारचे. आमची किंमत १०००. खरेदी, भाडं, पगार वजा जाता हातात उरतात साधारण १८० रुपये. म्हणजे लेबलवरच्या किमतीचे १० टक्के १०५ रुपये, कराआधीच्या किमतीचे १०० आणि नफ्याचे १८. गिऱ्हाईक पाटी वाचून मनात १०५ धरणार आणि आम्ही १८ दिले तरी "आम्ही नफ्यातला भाग म्हटला होता" असं म्हणायला मोकळे. त्यात सणाची सूट लागली की आकडा आणखी हलतो. नफ्याची टक्केवारी तर बाहेरच्या कुणालाच तपासता येत नाही. म्हणून टक्के काढूनच टाकले आणि प्रत्येक साडीमागे ३० रुपये ठरवले. साड्या मोजा, ३० ने गुणा, झालं. देणगी दिली म्हणून जीएसटी कमी होत नाही, तो पूर्ण किमतीवरच भरायचा, हेही त्या ३० मध्ये धरलं होतं.

मग कुठल्या साड्या, हा प्रश्न आला. सगळ्या म्हटलं असतं तर आठ हजारांच्या रेशमी साडीमागेही ३० रुपयेच गेले असते, आणि ते पाटीवर जरा कंजूषच दिसलं असतं. आम्ही फक्त सुती साड्या घेतल्या. सणात खपतात त्या मुख्यतः त्याच. रेशमी साड्या, ड्रेस मटेरियल आणि ब्लाउजपीस यात नाहीत, हे पाटीवरच लिहायचं ठरलं. नाहीतर काउंटरवर रोज तोच वाद.

खरी चर्चा झाली ती वरच्या मर्यादेवर. दादाची तयारी ३०,००० रुपयांची होती, म्हणजे १००० साड्यांपर्यंत. तो म्हणाला, "विक्री कमी झाली तरी मी ३०,००० देणारच आहे. मग मोजत कशाला बसायचं?" मी म्हटलं, "मग 'प्रत्येक साडीमागे' लिहू नकोस. रक्कम आधीच ठरलेली असेल तर बाईंनी साडी घेतली काय नि न घेतली काय, संस्थेला तेवढेच मिळणार. तिच्या खरेदीने काहीतरी होतं असं सांगून साडी विकायची आणि प्रत्यक्षात काही होत नाही, हे बरं नाही." दोन सरळ वाटा होत्या. एक तर "आम्ही यंदा संस्थेला ३०,००० रुपये देत आहोत" एवढंच लिहायचं, खरेदीशी न जोडता. किंवा खरोखर साडीगणिक मोजायचं, आणि कमी विक्री झाली तर कमी द्यायचे. दादाने दुसरी वाट घेतली. संस्थेला वर्षाच्या खर्चासाठी काही रक्कम नक्की हवी होती, म्हणून १०,००० रुपये त्याने आधीच वेगळे दिले आणि पाटीवर त्यांचा उल्लेखही केला नाही.

मर्यादा घातली की दुसरी जबाबदारी येते. १००० वी साडी गेली की पाटी त्याच दिवशी उतरवायला हवी, नाहीतर पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आपण खोटं सांगत असतो. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सुती साड्यांना वेगळा गट दिला आणि रोज दुकान बंद करताना एकूण आकडा बघायचा ठेवला. बदलून नेलेली साडी एकदाच धरायची, पैसे परत घेतलेली वजा करायची.

संस्थेच्या परवानगीशिवाय तिचं नाव छापायचं नाही, म्हणून कच्चा मजकूर घेऊन सचिवबाईंकडे गेलो. माझ्या डोक्यात एक आकर्षक ओळ होती: "एक साडी, एका मुलाच्या श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या." त्यांनी ती लगेच खोडली. "अहो, तुमचे पैसे आमच्या सर्वसाधारण निधीत जमा होतात. त्यातून बॅटऱ्या येतील, यंत्र कानात बसवायचे साचे येतील, शिक्षकांचा पगारही होईल. मूल वाढलं की साचा सैल होतो, मग नवा करावा लागतो. त्याला कुठे ३० रुपये पुरतात? बॅटरीच असं मी लिहून देऊ शकत नाही." त्याऐवजी त्यांनी "संस्थेच्या शाळेच्या कामासाठी" असं सुचवलं. थोडं कोरडं, पण खरं. त्यांच्याकडून संस्थेचं धर्मादाय नोंदणीतलं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, देणगीवर आयकरात वजावट मिळण्यासाठी लागणारं ८०जी चं प्रमाणपत्र आणि नाव-बोधचिन्ह वापरायला परवानगी देणारं पत्र घेतलं. पत्रात मुदतही लिहून घेतली.

८०जी वरून आणखी एक गोष्ट साफ करावी लागली. देणगी दुकानाची, पावतीही दुकानाच्याच नावे. गिऱ्हाइकाला त्यातून कसलीही कर-सवलत मिळत नाही. त्यामुळे "तुमची देणगी" हा शब्दप्रयोग आम्ही कुठेच केला नाही. बिलातही ३० रुपयांची वेगळी ओळ दाखवली नाही, कारण ती दिसली की वाटतं आपल्याकडून जास्तीचे घेतले. काउंटरवर दानपेटी ठेवायची सूचनाही आली होती. ती टाळली, पेटीतला पैसा लोकांचा असतो, तो आमच्या ३० रुपयांत मिसळला की हिशोबाचा विचका होतो.

फ्लेक्सवाल्याने विचारलं, "साहेब, वर मोठं वाक्य घेतो आणि खाली कोपऱ्यात बारीक 'अटी लागू' टाकतो, चालेल?" नाही चालणार. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, सहज दिसेल असा हवा, आणि महत्त्वाची माहिती दडवायला त्याचा वापर करता येत नाही. आमच्या अटी चार-पाच ओळींच्या होत्या, त्या मुख्य मजकुरातच बसल्या. शेवटी पाटी अशी झाली:

"३ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर २०२४ या काळात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सुती साडीमागे ३० रुपये आम्ही आमच्या गल्ल्यातून (संस्थेचं पूर्ण नाव) यांना शाळेच्या कामासाठी देऊ. एकूण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. परत आलेल्या साड्या धरलेल्या नाहीत. रेशमी साड्या, ड्रेस मटेरियल, ब्लाउजपीस यात नाहीत. देणगीची पावती दुकानाच्या नावे असेल. किती रक्कम दिली ते १५ नोव्हेंबरपर्यंत इथेच लावू."

घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंत ६४१ सुती साड्या गेल्या, १२ परत आल्या. ६२९ गुणिले ३०, म्हणजे १८,८७० रुपये. ते बँकेतून पाठवले. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जी ची वजावट मिळत नाही, आणि बँकेची नोंद दाखवायलाही सोपी. संस्थेची पावती आणि हा गुणाकार, दोन्ही काउंटरजवळ लावले. मर्यादेपेक्षा बरेच कमी भरले म्हणून दादाला जरा चुटपुट लागली, पण पाटीवर तसंच लिहिलं होतं.

पाटी उतरवली तरी तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतच राहिला. डिसेंबरमध्ये एक ताई फोन पुढे करून म्हणाल्या, "यातले तीस रुपये शाळेला जाणार ना?" फोटोतली पहिलीच ओळ तारखांची होती. मी ती दाखवली, योजना संपल्याचं सांगितलं, आणि त्यांना स्वतःहून काही द्यायचं होतं म्हणून संस्थेचा पत्ता दिला.